यादीत नाव नाही म्हणजे अ‍ॅक्सेस गेला, असं नाही

प्रश्न : आमच्या कंपनीचं फेसबुक पेज सांभाळणारा मुलगा पाच आठवड्यांपूर्वी नोकरी सोडून गेला. भांडण वगैरे काही नाही. पेजवर त्याने टाकलेल्या जुन्या ऑफरच्या पोस्ट आहेत आणि तीन पोस्टमध्ये त्याचा स्वतःचा मोबाईल नंबर आहे. लोक अजून त्यालाच फोन करतात. मी चार पोस्ट डिलीट केल्या. दोन दिवसांनी त्यातली एक परत पेजवर! अ‍ॅक्सेसच्या यादीत मी आणि आमचे साहेब अशी दोनच नावं दिसतात, त्याचं नाही. मग हे करतंय कोण? आणि बाकीच्या पोस्ट काढत राहू का?
– एका छोट्या कंपनीतील ऑफिस मॅनेजर

उत्तर : सध्या एकही पोस्ट काढू नका. परत आलेली पोस्टसुद्धा आहे तशीच राहू द्या आणि आधी ती नीट बघा. ती कुठून आली हे तिच्यावरच लिहिलेलं असतं.

पोस्टवरच्या तारखेवर क्लिक करा, म्हणजे ती स्वतंत्र पानावर उघडेल. तारीख जुनीच असेल आणि खाली जुने लाइक आणि कॉमेंट जसेच्या तसे असतील, तर ती नव्याने टाकलेली नाही. ती कोणीतरी Trash मधून बाहेर काढली आहे. फेसबुकवर डिलीट केलेली पोस्ट लगेच नष्ट होत नाही, 30 दिवस Trash मध्ये पडून राहते. तेवढ्या दिवसांत पेजचा मजकूर हाताळण्याचा अधिकार असलेला कोणीही ती परत आणू शकतो किंवा कायमची पुसू शकतो. याउलट तारीख परवाची असेल, लाइक शून्य असतील आणि वरच्या पट्टीतला पत्ता वेगळा असेल, तर मजकूर तोच असला तरी पोस्ट नवी आहे. अशी पोस्ट माणूस टाकतो, तसंच ठरवून दिलेल्या वेळी आपोआप पोस्ट टाकणारं एखादं शेड्यूलिंग टूलही टाकतं.

आता तारखेच्या आसपास Published by अशी ओळ दिसते का बघा. ही ओळ फक्त पेज सांभाळणाऱ्यांना दिसते, ग्राहकांना नाही. तिथे माणसाचं नाव असेल तर त्या प्रोफाइलवरून पोस्ट आली; एखाद्या टूलचं नाव असेल तर ती टूलमधून आली. तुमच्या बाबतीत पोस्ट ऑफरची आहे, म्हणून दुसरी शक्यता मला जास्त वाटते. काही टूलमध्ये जुनी पोस्ट ठरावीक दिवसांनी आपोआप पुन्हा टाकण्याची सोय असते, आणि ऑफरच्या पोस्टना ती हमखास लावली जाते. तसं असेल तर त्या मुलाने पाच आठवड्यांत तुमच्या पेजकडे बघितलंही नसेल. तेव्हा ही तपासणी होईपर्यंत त्याला फोन करून जाब विचारू नका. नाहक संशय घेतला, तर पुढे ज्या एकदोन गोष्टींसाठी त्याचीच मदत लागेल, ती मिळणार नाही.

दोन्ही शक्यतांमध्ये पुढचा क्रम मात्र एकच आहे. अ‍ॅक्सेस आधी, पोस्ट नंतर. अ‍ॅक्सेस चालू असताना पोस्ट काढल्या तर त्या परत येऊ शकतात, हे तुम्ही पाहिलंच. त्याहून वाईट म्हणजे, पूर्ण अधिकार असलेली व्यक्ती तुम्हालाच पेजवरून काढू शकते. फेसबुक दोन अ‍ॅडमिनमध्ये मालक कोण आणि नोकर कोण हे बघत नाही. ज्याने आधी बटण दाबलं तो आत राहतो. तुमच्याकडे भांडण नाही, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तुम्ही त्याच्या कामाच्या पोस्ट एकामागून एक काढायला लागलात आणि त्याला ते आधी पेजवर दिसलं, तर तो कसा घेईल हे तुमच्या हातात नाही.

आता यादीत नाव नसल्याबद्दल. तुम्ही बघितली ती पेजच्या सेटिंगमधली Page access ची यादी. ती खोटी नाही, पण अपुरी आहे. पेजपर्यंत पोचायला आणखी तीन वाटा असतात.

सगळ्यात जास्त विसरली जाणारी वाट म्हणजे कंपनीचा बिझनेस पोर्टफोलिओ, ज्याला पूर्वी बिझनेस मॅनेजर म्हणत. पेज, इन्स्टाग्राम खातं, जाहिरातींचं खातं हे सगळं या एका छत्राखाली ठेवलेलं असतं. ज्याच्याकडे पोर्टफोलिओचा पूर्ण ताबा आहे, त्याला पेजच्या यादीत नाव असण्याची गरजच नसते. तो हवं तेव्हा स्वतःला पेज जोडून घेऊ शकतो, काम करू शकतो आणि परत बाहेर पडू शकतो. बहुतेक छोट्या कंपन्यांत हा पोर्टफोलिओ सोशल मीडिया बघणाऱ्या माणसानेच, जाहिरात चालवायची म्हणून, घाईत उघडलेला असतो आणि त्यात तो एकटाच अ‍ॅडमिन असतो. साहेबांना तो आहे हेही माहीत नसतं.

दुसरी वाट म्हणजे सगळ्यांनी मिळून वापरलेली प्रोफाइल. तुमच्या यादीतली दोन नावं खरंच तुमच्या दोघांच्या स्वतःच्या, रोजच्या प्रोफाइल आहेत का? की साहेबांच्या नावाने ऑफिसात एक प्रोफाइल उघडली होती आणि तिचा पासवर्ड त्या मुलाकडेही होता? तसं असेल तर Published by मध्ये साहेबांचं नाव दिसेल आणि तुम्ही साहेबांनाच विचारत बसाल. अशी प्रोफाइल त्याच्या फोनवर अजून लॉगिन असू शकते. फेसबुकला अशा सामायिक किंवा बनावट प्रोफाइल चालत नाहीत, त्यामुळे ती केव्हाही बंद पडू शकते, हा धोका वेगळाच.

तिसरी वाट टूलची. पेज टूलला जोडताना कोणाच्या तरी प्रोफाइलवरून परवानगी दिली जाते. ती परवानगी त्या मुलाच्या प्रोफाइलवरून दिलेली असेल तर त्याचा पेजवरचा अधिकार गेला की जोडणी तुटते. पण तुमच्या किंवा साहेबांच्या प्रोफाइलवरून दिलेली असेल, तर तुम्ही त्याला पेजवरून कितीही काढा, टूल चालूच राहतं. टूलचं लॉगिन त्याच्या ईमेलवर असेल तर तो तिथून पोस्ट टाकू शकतो आणि फेसबुकच्या दृष्टीने ती पोस्ट तुमच्या परवानगीने आलेली असते. यादीत नाव नसूनही पोस्ट येते ती बहुतेक वेळा अशीच.

काढण्याचा दिवस

हे काम तुकड्यातुकड्याने करू नका. आज पेज, परवा इन्स्टाग्राम, पुढच्या आठवड्यात टूल, असं केलं तर पहिल्या पायरीलाच समोरच्याला कळतं आणि बाकीचे दरवाजे उघडेच असतात. तुम्ही आणि साहेब एकत्र बसा, साहेबांचा फोन ओटीपीसाठी जवळ ठेवा आणि तासभर मोकळा ठेवा.

सुरुवात स्वतःच्या खुर्चीपासून. संगणकावर हा पत्ता उघडा :

```
business.facebook.com/settings
```

कोपऱ्यात पोर्टफोलिओचं नाव दिसेल. तिथे क्लिक केल्यावर एकापेक्षा जास्त नावं आली तर दचकू नका, पण प्रत्येक उघडून बघा. प्रयोग म्हणून दोनतीन उघडून ठेवलेले असतात. मग Users खालचं People उघडा. तिथे तुमच्या नावापुढे पूर्ण ताबा आहे का, हे आधी पक्कं करा. साहेबांच्याही नावापुढे तो असू द्या. दुसऱ्याला काढण्याआधी कंपनीची दोन माणसं पूर्ण ताब्यात हवीत. एकाचंच खातं असेल आणि नेमकं तेच कधी लॉक झालं, तर पेज कंपनीचं असूनही कंपनीच्या हाती राहत नाही. दोघांनीही आपापल्या प्रोफाइलला दोन टप्प्यांची पडताळणी लावून घ्या, तीही आत्ताच.

नव्याने पूर्ण ताबा मिळालेल्या व्यक्तीला लगेच दुसऱ्या अ‍ॅडमिनला काढता येत नाही, असं कधी कधी होतं. काही दिवस थांबायला सांगणारा संदेश येतो. तो आला तर ज्याचा ताबा जुना आहे त्याच्या लॉगिनवरून काढा. दोघेही नवे असाल तर थांबा, आणि थांबण्याच्या दिवसांत पेजवर काहीही काढू नका किंवा बदलू नका.

आता People च्या यादीत त्याचं नाव शोधा. इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवा. पोर्टफोलिओत माणसं त्यांच्या प्रोफाइलच्या नावाने असतात तशी ईमेलच्या पत्त्यानेही जोडलेली असतात. त्यामुळे नाव ओळखीचं नसेल तरी खालचा ईमेल वाचा. कंपनीच्या डोमेनवरचा नसलेला आणि कोणाचा ते सांगता न येणारा प्रत्येक पत्ता संशयाचा समजा. स्वीकार न झालेलं एखादं जुनं आमंत्रण पडून असेल तर तेही रद्द करा. मग त्याचं नाव उघडून त्याला पूर्ण पोर्टफोलिओतून काढा. नुसतं पेज काढून घेऊन भागत नाही. पेज काढलं तरी जाहिरातींचं खातं आणि इन्स्टाग्राम त्याच्याकडे राहतं. पोर्टफोलिओतून काढलं की त्याखालचं सगळं एकदम जातं. ताबा कमी करून बघू, मग काढू, असंही करू नका. त्याला सूचना गेली तर ती अर्ध्या कामावर जाईल.

त्याच बाजूला Partners उघडा. तिथे दुसरे पोर्टफोलिओ दिसतात ज्यांना तुमचं पेज वापरायला दिलंय. जाहिरात एजन्सी असेल तर ती इथे दिसणं रास्त आहे. पण त्या मुलाने स्वतःचा फ्रीलान्सचा पोर्टफोलिओ उघडून त्याला तुमचं पेज दिलं असेल तर तोही इथेच दिसेल, आणि माणूस म्हणून त्याला काढल्यावरही ही वाट तशीच राहते. त्याखाली System users असतात. ही माणसं नसतात, सॉफ्टवेअरसाठी काढलेली खाती असतात. टोकन म्हणजे सॉफ्टवेअरला पासवर्ड न विचारता आत सोडणारी किल्ली. यांच्या टोकनचा कोणा एका माणसाच्या नोकरीशी संबंध नसतो. त्याने ते टोकन कुठे कॉपी करून ठेवलं असेल तर तो गेला तरी ते चालतं. यादी रिकामी असेल तर उत्तम. काही असेल आणि ते कशासाठी आहे हे कोणालाच सांगता येत नसेल, तर त्याचे टोकन रद्द करा. खरंच गरजेचं असेल तर काहीतरी बंद पडेल, तुम्हाला कळेल आणि नवं टोकन काढता येईल.

हे झालं की पेजच्या Page access वर परत या. इथे पूर्ण फेसबुक अ‍ॅक्सेस असलेली माणसं वेगळी आणि ठरावीक कामांपुरता अधिकार दिलेली वेगळी दाखवतात. पानाच्या शेवटपर्यंत खाली जा. वरची दोन नावं बघून लोक थांबतात आणि खालचा भाग बघायचा राहतो. काढताना फेसबुक तुमचाच पासवर्ड पुन्हा विचारतं. तो विचारला म्हणजे काहीतरी चुकलं असं समजू नका.

मग साहेबांच्या प्रोफाइलकडे वळा. इथे नुसता पासवर्ड बदलणं पुरेसं नाही. आधी प्रोफाइलला जोडलेले फोन नंबर आणि ईमेल बघा. त्यात त्या मुलाचा नंबर असेल तर नवा पासवर्ड विसरलो असं सांगून तो ओटीपी स्वतःच्या फोनवर मागवू शकतो. म्हणून आधी त्याचा नंबर काढा, मग पासवर्ड बदला, मग Accounts Center मधल्या Password and security खाली कुठे कुठे लॉगिन आहे ती यादी उघडून अनोळखी सगळी उपकरणं बाहेर काढा. दोन टप्प्यांच्या पडताळणीत त्याचं ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडलेलं असेल तर तेही काढा आणि जुने रिकव्हरी कोड रद्द करून नवे घ्या. तुमच्या प्रोफाइलवरही हेच करा. ऑफिसच्या संगणकावर तुमचं लॉगिन त्याने वापरलं नव्हतं, अशी खात्री फार थोड्यांना देता येते.

इन्स्टाग्रामचं लॉगिन स्वतंत्र असतं. पेजवरून किंवा पोर्टफोलिओतून माणूस काढल्याने इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलत नाही. तो वेगळा बदला आणि तिथलाही फोन नंबर व ईमेल तपासा.

शेवटी टूल. Published by मध्ये ज्याचं नाव दिसलं त्यात लॉगिन करून बघा. लॉगिन त्याच्या ईमेलवर असेल तर आत शिरण्याची गरज नाही. तुमच्या आणि साहेबांच्या प्रोफाइलच्या सेटिंगमध्ये Business integrations उघडा आणि त्या टूलला दिलेली परवानगी काढून टाका. पोर्टफोलिओतही जोडलेल्या अ‍ॅपची यादी असते, तिथूनही काढा. यामुळे टूलमधून वेळ लावून ठेवलेल्या चांगल्या पोस्टही थांबतील. तेवढं सोसा, त्या पुन्हा लावता येतात. टूलचे पैसे कंपनी भरत असेल तर हिशेब बघणाऱ्यांना आजच सांगा, नाहीतर न वापरलेल्या खात्याची रक्कम महिनोन्महिने जात राहते.

इथपर्यंत आल्यावर त्याला एक साधा मेसेज पाठवा. पेजवरचे तुमचे अधिकार आज काढले आहेत, तुमचा नंबर असलेल्या पोस्टही काढत आहोत, एवढाच. त्याचा नंबर पेजवर असल्याचा त्रास त्यालाही होतोय, त्यामुळे हे त्याच्या सोयीचंच आहे. हा मेसेज आधी नाही, नंतर.

पोर्टफोलिओत तुमचं नावच नसेल तर

पत्ता उघडल्यावर पोर्टफोलिओ दिसतच नाही, पण पेजच्या सेटिंगमध्ये ते एखाद्या पोर्टफोलिओच्या मालकीचं दिसतं, असं झालं तर तो त्याच्या हातात आहे. मग डिलीट करण्याचा विचार पूर्ण बाजूला ठेवा. अशा वेळी त्याच्याशी चांगलं असणं ही तुमची सगळ्यात मोठी ठेव आहे. त्याला फोन करून तुम्हाला आणि साहेबांना पोर्टफोलिओत पूर्ण ताब्यासह जोडायला सांगा. नुसतं पेज जोडून घेऊ नका, पोर्टफोलिओच घ्या. तुम्ही आत आलात, काढण्याचा अधिकार चालू झाला की मग वरचा क्रम. तो ऐकतच नसेल तर मेटाकडे पेजच्या ताब्याचा वाद म्हणून तक्रार करावी लागते. तिथे कंपनीची नोंदणी, तुमचा कंपनीशी असलेला संबंध आणि त्याने नोकरी कधी सोडली हे कागदांवर दाखवावं लागतं. राजीनाम्याचा स्वीकार झाल्याचं पत्र शोधून ठेवा.

आता पोस्ट

काढण्याआधी नोंद करा. जी जी पोस्ट काढायची तिचा स्वतंत्र पत्ता, तारीख आणि स्क्रीनशॉट एका फाईलमध्ये ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये वरची पत्त्याची पट्टी, Published by ची ओळ आणि कॉमेंट आल्या पाहिजेत. ऑफरच्या पोस्टखाली एखाद्या ग्राहकाने ऑर्डर नोंदवलेली असते, एखाद्याला दिलेलं आश्वासन असतं. पोस्ट गेली की ते संभाषणही जातं. पुढे ग्राहकाने विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी हवं.

मग हात सरळ पोस्टकडे नेऊ नका. आधी Meta Business Suite मध्ये शेड्यूल केलेल्या पोस्ट आणि मसुदे बघा. माणूस काढल्याने त्याने वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट रद्द होत नाहीत; त्या पेजच्या असतात आणि ठरल्या दिवशी बाहेर पडतात. कॅलेंडर सध्याच्या महिन्यावर उघडतं, म्हणून पुढचे महिने एकेक करून सरकवत बघा. सणाच्या शुभेच्छा आणि वर्धापनदिनाच्या पोस्ट लोक फार आधी लावून ठेवतात.

नंबरचं म्हणाल तर तो फक्त पोस्टमध्ये नसतो. पेजची माहिती, वरचं कॉल किंवा व्हॉट्सअ‍ॅपचं बटण, पिन केलेली पोस्ट, कव्हरचं चित्र, आणि इनबॉक्समधले आपोआप जाणारे उत्तर-मेसेज तपासा. शेवटचं हे नेहमी राहून जातं. ग्राहक पेजला मेसेज करतो, त्याला क्षणात उत्तर जातं ‘या नंबरवर संपर्क करा’, आणि नंबर त्या मुलाचा. तुमच्याकडचे लोक अजून त्याला फोन करतात याचं कारण तीन जुन्या पोस्टपेक्षा हे असण्याचा संभव जास्त आहे. एखाद्या नातेवाइकाच्या फोनवरून पेजला ‘किंमत काय’ असा मेसेज करून बघा. काय उत्तर जातं ते डोळ्यांना दिसेल.

त्या तीन पोस्टमध्ये नुसता नंबर बदलावा की पोस्टच काढावी? नंबर चित्रात लिहिलेला असेल तर मजकूर बदलून उपयोग नाही. मजकुरात असेल तर बदलता येतो, पण बदलाचा इतिहास मागे राहू शकतो आणि त्यात जुना नंबर वाचता येतो. व्यक्तीचा खाजगी नंबर आहे, म्हणून पोस्ट काढून योग्य नंबरसह नवी टाकणं बरं. ऑफरच्या पोस्टचं वेगळं आहे. त्यातल्या ज्यांना चांगल्या कॉमेंट आहेत त्या आधी अर्काइव्ह करा. अर्काइव्ह केलेली पोस्ट लोकांना दिसत नाही आणि 30 दिवसांनी पुसलीही जात नाही. ठेवायची की काढायची हे सावकाश ठरवता येतं. तुम्ही आधी काढलेल्या ज्या पोस्ट अजून Trash मध्ये आहेत, त्यांतली एखादी जपायची असेल तर 30 दिवस भरायच्या आत बाहेर काढून अर्काइव्हमध्ये टाका. आता अ‍ॅक्सेस फक्त तुमच्याकडे आहे, त्यामुळे हे निर्धास्त करता येईल.

काढण्याआधी त्या पोस्टवर जाहिरात चालू आहे का हेही बघा. जाहिरात एखाद्या पोस्टवर बांधलेली असली तर पोस्ट काढताच ती थांबते. जुन्या ऑफरची जाहिरात थांबली तर चांगलंच, पण एखाद्या चालू जाहिरातीचा आधार तीच पोस्ट असेल तर आधी नवी जाहिरात लावा, मग जुनी पोस्ट काढा.

Trash स्वतःहून रिकामी करू नका. चुकून वेगळी पोस्ट गेली असेल तर परतीची तीच एक वाट आहे. काढल्याची तारीख फाईलमध्ये लिहून ठेवा, त्यात 30 दिवस मिळवा आणि तेवढ्यात एकदा नजर टाका. त्या कर्मचाऱ्याशी हिशेबाचा किंवा मजकुराच्या मालकीचा वाद उभा राहण्याची थोडी जरी शक्यता असेल, तर वकिलांना विचारल्याशिवाय काहीच कायमचं पुसू नका, अर्काइव्हवर थांबा.

एकच अपवाद. एखाद्या पोस्टमध्ये ग्राहकाचा पत्ता, ओळखपत्र किंवा बँकेचा तपशील उघडा पडला असेल तर क्रमाची वाट बघू नका. पत्त्याची पट्टी दिसेल असा एक स्क्रीनशॉट घ्या आणि ती पोस्ट लगेच लपवा. बाकी सगळं वरच्या क्रमाने.

काम झालं का हे असं तपासा. ज्या ब्राउझरमध्ये फेसबुकचं लॉगिन नाही, त्यात फाईलमधले पत्ते एकेक उघडा. प्रत्येक ठिकाणी मजकूर उपलब्ध नसल्याचा संदेश यायला हवा. दुसऱ्या दिवशी आणि मग आठवड्याने पेज, कॅलेंडर आणि People ची यादी पुन्हा बघा. एखादी पोस्ट परत आलीच तर काढू नका. आधी तारीख आणि Published by वाचा. पोस्ट नवी असेल तर तिथे जे नाव असेल, तीच तुमच्याकडून बंद व्हायची राहिलेली वाट.

त्याच मुलाकडे लिंक्डइनचं पेज आणि गूगलवरचं बिझनेस प्रोफाइल असेल, तर तिथेही क्रम हाच आहे, फक्त दोन फरक ध्यानात ठेवा. लिंक्डइनवर काढलेली पोस्ट परत आणता येत नाही, म्हणून तिथे नोंद आणि स्क्रीनशॉट झाल्याशिवाय बोट उचलू नका. गूगलवर नव्याने मालक झालेल्या व्यक्तीला दुसऱ्यांना काढण्यासाठी 7 दिवस थांबावं लागतं. तेव्हा साहेबांना तिथे आजच मालक म्हणून जोडा, म्हणजे फेसबुकचं काम आटोपेपर्यंत तिथलीही मुदत भरत आलेली असेल.